गर्भनिरोधक निवडताना पात्रतेचे चार गट

जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली एक तक्ता काढला, त्याची पाचवी आवृत्ती २०१५ ची. बाईला कुठला त्रास आहे आणि ती कुठलं साधन मागतेय, या दोन्हीला जोडून १ ते ४ आकडा मिळतो. १ म्हणजे बिनधास्त वापरा, २ म्हणजे फायदा जास्त, ३ म्हणजे धोका जास्त म्हणून दुसरं काही जमत नसेल तरच, आणि ४ म्हणजे नकोच. जिथे नीट तपासणारा डॉक्टर नसतो तिथे १-२ ला हो आणि ३-४ ला नाही, एवढं धरलं तरी काम चालतं.

खरा गोंधळ होतो अर्धशिशीत. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात "डोकं दुखस" म्हटलं की ऊन लागलं म्हणून सोडून देतात, पण विचारायचं ते वेगळंच असतं: दुखायच्या आधी डोळ्यापुढे चमकत्या नागमोडी रेघा येतात का, हळूहळू पसरतात का, आणि तासाभरात जातात का? याला ऑरा म्हणतात. दुखणं सुरू असताना उजेड सहन न होणं म्हणजे ऑरा नव्हे, ही चूक फार होते. ऑरा असेल तर माला-एन किंवा माला-डी या गर्भनिरोधक गोळ्या कुठल्याही वयात गट ४, कारण त्यातलं इस्ट्रोजेन रक्त गोठायला मदत करतं आणि ऑरावालीला स्ट्रोकचा धोका आधीच जास्त असतो. ऑरा नसेल आणि वय ३५ च्या आत असेल तर नवीन सुरू करायला गट २, पण गोळी घेताना अर्धशिशी सुरू झाली तर ३.

समजा अमळनेर तालुक्यातली २९ वर्षांची बाई आहे, केळीच्या बागेत कामाला जाते, आशाताईकडून माला-एन मागतेय. तिला वीस मिनिटं रेघा दिसतात, बीपी १४६/९४ (एका मोजणीवर बीपीचा शिक्का मारायचा नाही, पुन्हा मोजायचं). बीपी खरंच तेवढं निघालं तर गोळीला त्यासाठी गट ३, ऑरासाठी ४, मग बेरीज-सरासरी काही नाही, मोठा आकडा धरायचा, गोळी बाद. अंतरा इंजेक्शन दोन्हीसाठी २, पण घेताना ऑरा नव्याने सुरू झाला तर ३. कॉपर-टी दोन्हीसाठी १, फक्त तिच्या अंगावरून पाळीत आधीच खूप रक्त जात असेल तर कॉपर-टीचाही २ होतो, आणि हिमोग्लोबिन बघून घ्यावं, ते कमी असेल तरी २च. बीपी १६०/१०० किंवा वर गेलं तर मात्र अंतरालाही ३ लागतो.

पायाच्या शिरेत पूर्वी रक्ताची गाठ झालेलीला गोळी ४, अंतरा २. साध्या डायबिटीसला दोन्ही २, पण डोळे-किडनीवर परिणाम झाला असेल किंवा २० वर्षांहून जुना असेल तर गोळी ३ किंवा ४ आणि अंतरा ३. कॉपर-टी या सगळ्यांत १.