काय-स्क्वेअर चाचणी: कंटिन्जन्सी टेबल, अपेक्षित संख्या आणि क्रिटिकल व्हॅल्यू

दोन गुणधर्म एकमेकांशी निगडित आहेत की स्वतंत्र, हे मोजलेल्या संख्यांवरून तपासायची ही चाचणी. एक गुणधर्म ओळींत, दुसरा कॉलमांत मांडून जे टेबल बनतं त्याला कंटिन्जन्सी टेबल म्हणतात आणि त्यावरची गणितं वर्कशीटमध्ये नेहमी येतात. बेरजा-गुणाकार बहुतेकांचे बरोबर येतात, गाडी अडते ती शेवटच्या टप्प्यावर, छापील तक्त्यातला नेमका कुठला आकडा उचलायचा तिथे. हा गोंधळ विद्यार्थ्यांपुरता नाही, खुद्द कार्ल पिअर्सनचाही याच जागी वाद झाला होता, म्हणून नोंदीत त्यालाच जास्त जागा दिली आहे.

उगम. चाचणी म्हणून श्रेय पिअर्सनच्या १९०० च्या निबंधाला देतात. वितरणाचा वक्र मात्र त्याआधीचा आहे, साधारणपणे हेल्मर्टचं १८७५-७६ चं काम दाखवलं जातं, काही जण आबेच्या १८६३ च्या कामापर्यंत मागे जातात आणि कोणी बिएनेमेचंही नाव घेतात. पण वक्र सापडणं वेगळं आणि त्यावरून निरीक्षणं पारखणं वेगळं, त्यामुळे चाचणीचा उगम १९०० धरणंच जास्त पटतं. कंटिन्जन्सी हा शब्द पिअर्सनने १९०४ मध्ये आणला.

अपेक्षित संख्या. एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. तीन बॅचमधले २०० विद्यार्थी, पास किती आणि नापास किती (आकडे सरावापुरते बनवलेले):

| | सकाळ | दुपार | संध्याकाळ | एकूण |
|---|---|---|---|---|
| पास | ५७ | ३६ | २७ | १२० |
| नापास | २३ | ३४ | २३ | ८० |
| एकूण | ८० | ७० | ५० | २०० |

शून्य परिकल्पना अशी की बॅच आणि निकाल यांचा संबंध नाही. तसं असेल तर एकूण पासांचं जे प्रमाण, २०० पैकी १२०, तेच प्रत्येक बॅचमध्ये दिसायला हवं, म्हणजे सकाळच्या ८० पैकी ४८. ओळीची बेरीज गुणिले कॉलमची बेरीज भागिले एकूण, हे सूत्र याच विचारातून येतं. पासच्या ओळीत ४८, ४२, ३० आणि नापासच्या ओळीत ३२, २८, २० अशा अपेक्षित संख्या मिळतात. इथे त्या पूर्णांक आल्या तो योगायोग, एरवी ३७.४ वगैरे येतं आणि ते तसंच ठेवायचं, माणूस अर्धा कसा असेल म्हणून राउंड करायचं नाही, कारण ही सरासरीची अपेक्षा आहे, मोजलेली डोकी नाहीत. ओळी-कॉलमच्या बेरजा मूळ टेबलाशी जुळल्या की अपेक्षित संख्या बरोबर आहेत असं बहुधा धरता येतं.

आता प्रत्येक चौकटीत निरीक्षित वजा अपेक्षित, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित. पासचे फरक ९, −६, −३ आणि नापासचे त्याच्या उलट. भागाकार अनुक्रमे १.६९, ०.८६, ०.३०, २.५३, १.२९, ०.४५ येतात आणि दशांश न तोडता केलेली बेरीज ७.११, हाच काय-स्क्वेअर.

इथे खूपदा दिसणारी चूक म्हणजे टेबल टक्केवारीत बदलून घेणं. २०० ला १०० मानून तेच गणित केलं तर उत्तर बरोबर निम्मं, ३.५६ येतं आणि निष्कर्षच पालटतो. काय-स्क्वेअर कच्च्या संख्यांवरच चालतो.

डिग्री ऑफ फ्रीडम आणि त्यावरचा वाद. वरचे फरक परत बघा, ९ आणि −६ कळले की बेरजा ठरलेल्या असल्यामुळे उरलेले चारही आपोआप ठरतात. मोकळ्या चौकटी दोनच, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम २. (ओळी वजा १) गुणिले (कॉलम वजा १) म्हणतात ते हेच.

पिअर्सन मात्र एकूण चौकटी वजा १ धरायचा, म्हणजे इथे ५. अपेक्षित संख्या आपण त्याच डेटाच्या बेरजांवरून काढतो याचा फरक नगण्य आहे असं त्याचं मत होतं. ग्रीनवुड आणि यूल यांनी १९१५ मध्ये लसीकरणाचे आकडे तपासताना दोन बाय दोनच्या टेबलात काय-स्क्वेअर आणि दोन प्रमाणांच्या फरकाची चाचणी वेगवेगळी उत्तरं देतायत हे पाहिलं, पण गाठ सुटली नाही. ती सोडवली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२२ मध्ये, मोकळ्या चौकटी मोजायची वरची पद्धतच बरोबर हे दाखवून. पिअर्सनने त्याच वर्षी कडक शब्दांत उत्तर दिलं, मत बदललं नाही. यूलने १९२२ मध्येच प्रयोगाने टेबलं बनवून फिशरच्या बाजूचा पुरावा दिला. पुढे १९२६ मध्ये फिशरने पिअर्सनच्याच मुलाने, एगॉन पिअर्सनने, प्रसिद्ध केलेली दोन बाय दोनची हजारो टेबलं घेऊन काय-स्क्वेअरची सरासरी काढली, ती जवळजवळ १ आली. काय-स्क्वेअरची सरासरी डिग्री ऑफ फ्रीडमइतकीच असते, थोरल्या पिअर्सनच्या हिशेबाने ती ३ यायला हवी होती. वाद तात्त्विक होता असं मांडणारेही आहेत, पण या आकड्यानंतर फिशरची बाजू मान्य करण्यावाचून मार्ग राहत नाही.

जुने तक्ते वाचताना आणखी एक भानगड आहे. एल्डर्टनच्या १९०२ च्या तक्त्यात ओळीचा आकडा गटांची संख्या म्हणून दिलाय, तो डिग्री ऑफ फ्रीडमपेक्षा १ ने जास्त असतो.

क्रिटिकल व्हॅल्यू वाचणं. आजच्या तक्त्यात डिग्री ऑफ फ्रीडम २ ची ओळ आणि उजव्या शेपटीच्या ०.०५ चा कॉलम, तिथे ५.९९१ मिळतं, हीच क्रिटिकल व्हॅल्यू. आपलं ७.११ त्याहून मोठं, म्हणून ५ टक्के पातळीवर शून्य परिकल्पना नाकारायची. १ टक्क्याला ९.२१० लागतं, तिथे नाकारता येत नाही. पी-व्हॅल्यू साधारण ०.०२९ आहे आणि दोन्ही निष्कर्ष तिच्याशी जुळतात.

चुकीचा आकडा उचलला तर काय होतं ते याच उदाहरणात दिसतं. पिअर्सनसारखं ५ धरलं तर ११.०७०, म्हणजे संबंध नाही असं उत्तर. टी-टेस्टच्या सवयीने ०.०५ चं अर्धं करून ०.०२५ चा कॉलम घेतला तर ७.३७८, पुन्हा उलटं उत्तर. हे अर्धं करणं इथे चुकतंच, कारण फरकांचा वर्ग केल्यावर वरचा आणि खालचा दोन्ही फरक एकाच उजव्या शेपटीत जातात. आणि डावीकडून मोजणाऱ्या तक्त्यात ०.०५ बघितलं तर ०.१०३ मिळतं, मग जवळपास प्रत्येक टेबल 'सिग्निफिकंट' निघतं. त्यामुळे तक्त्याच्या वरची आकृती, कुठला भाग रंगवलाय ती, आधी बघावी. एक्सेलमध्येही हाच फरक आहे:

```
=CHISQ.INV.RT(0.05,2)   5.991
=CHISQ.INV(0.05,2)      0.103
```

मर्यादा. हा वक्र अंदाजे लागू होतो. कॉक्रनचा १९५४ चा नियम सर्रास वापरतात: ५ पेक्षा कमी अपेक्षित संख्या असलेल्या चौकटी २० टक्क्यांहून जास्त नकोत आणि १ पेक्षा कमी एकही नको. अट अपेक्षित संख्येवर आहे, निरीक्षित संख्या शून्य असली तरी चालते. दोन बाय दोनसाठी येट्सची १९३४ ची दुरुस्ती आहे, ती गरजेपेक्षा जास्त सावध आहे असं बऱ्याच जणांचं मत आहे आणि संख्या लहान असतील तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट बरी पडते.