पॅकेट आले, पण उत्तर कोणत्या वाटेने गेले?

सर्व्हर चालू आहे, त्यावरची सेवाही चालू आहे, तरी बाहेरून कोणालाच जोडणी मिळत नाही, अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी त्या सेवेची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून पाहतात. लॉगमध्ये काहीच नसते, आणि त्यावरून ‘विनंती इथवर पोचलीच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण टीसीपीची जोडणी बांधण्याचे काम सेवा स्वतः करत नाही. ते सर्व्हरचे कर्नल करते आणि जोडणी पूर्ण बांधली गेल्यावरच सेवेच्या हाती सोपवते. अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांची सेवेला गंधवार्ताही नसते. म्हणून पाहायला हवे ते लॉगच्या खाली, नेटवर्क कार्डाजवळ, आणि तिथे प्रश्न दोनच विचारायचे असतात: जोडणीची मागणी आली का, आणि तिचे उत्तर बाहेर पडले का?

जोडणी तीन पॅकेटांनी बांधली जाते. ग्राहक-संगणक ‘सिन’ नावाचे पॅकेट पाठवतो, सर्व्हर ‘सिन-अ‍ॅक’ने उत्तर देतो आणि ग्राहक ‘अ‍ॅक’ पाठवून ते उत्तर मिळाल्याची पोच देतो. ही पॅकेटे जाता-येता टिपणारे `tcpdump` हे साधन १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी तयार केले. हवी तेवढीच पॅकेटे निवडण्याची चाळणी थेट कर्नलच्या आत चालवायची ही कल्पना आजही वापरात आहे, आणि तिच्यामुळेच गजबजलेल्या सर्व्हरवरसुद्धा हे साधन फारसा भार न टाकता चालते.

समजा, आपली सेवा ८४४३ या पोर्टवर आहे आणि ज्याला जोडणी मिळत नाही त्या ग्राहकाचा पत्ता `203.0.113.25` आहे. `127.0.0.1` सोडून या लेखातले सर्व पत्ते उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या मालिकांमधले आहेत. सर्व्हरवर अशी आज्ञा द्यावी:

```
sudo tcpdump -ni any 'host 203.0.113.25 and (tcp port 8443 or icmp)'
```

यातील `-n` मुळे पत्त्यांची नावे शोधली जात नाहीत. ते गाळले तर प्रत्येक पत्त्यासाठी डीएनएसकडे विचारणा होते, ओळी उशिरा उमटतात आणि नको असलेली जास्तीची पॅकेटेही तयार होतात. `-i any` म्हणजे एकाच नव्हे तर सर्व जोडकार्डांवर लक्ष ठेवणे. त्याचे महत्त्व पुढे दिसेल. `icmp` हा शब्द मात्र बहुतेक जण विसरतात. फायरवॉलने मागणी स्पष्टपणे नाकारली, तर नकार टीसीपीने न जाता अनेकदा आयसीएमपीने जातो, आणि चाळणीत फक्त पोर्ट असेल तर तो नकार दिसतच नाही. पाहणाऱ्याला वाटते की सर्व्हर गप्प बसला, प्रत्यक्षात त्याने उत्तर दिलेले असते. आणखी एक दक्षता अशी की ग्राहक एखाद्या राउटरच्या किंवा लोड बॅलन्सरच्या मागे असेल, तर सर्व्हरला दिसणारा पत्ता त्याच्या स्वतःच्या संगणकाचा नसतो, आणि संकेतस्थळाच्या नावाला आयपीव्ही६ पत्ताही जोडलेला असेल, तर ग्राहक त्या मार्गाने येत असू शकतो. म्हणून काहीच दिसले नाही, तर आधी चाळणीतून `host` काढून टाकावे आणि केवळ पोर्टावर पाहावे. मगच ‘आले नाही’ असे म्हणावे.

एवढे करूनही एकही ओळ उमटली नाही, तर पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचलेले नाही आणि शोध बाहेर घ्यायचा: क्लाउडचे सुरक्षा-नियम, वाटेतला राउटर, चुकीचा डीएनएस पत्ता. सिनच्या पाठोपाठ लगेच `Flags [R.]` अशी ओळ दिसली, तर जोडणी तोडणारे रिसेट पॅकेट गेले आहे. याचा नेहमीचा अर्थ असा की त्या पत्त्यावर आणि पोर्टवर कोणी ऐकत नाही. सेवा फक्त `127.0.0.1` वर ऐकत असली की नेमके हेच घडते, आणि `ss -ltn` ही आज्ञा ते दाखवून देते.

अवघड प्रसंग असतो तो सिन येताना दिसते पण उत्तर दिसत नाही हा. इथे `tcpdump` नेमके कुठे उभे आहे, हे ठाऊक असावे लागते. लिनक्समध्ये आत येणारे पॅकेट ते फायरवॉलच्या आधी टिपते आणि बाहेर जाणारे पॅकेट फायरवॉलच्या नंतर, अगदी जोडकार्डाच्या हवाली होताना टिपते. सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी येणाऱ्याची नोंद तो आत शिरण्यापूर्वी आणि जाणाऱ्याची नोंद तो बाहेर पडताना करतो, तशीच ही नोंद आहे. इमारतीत कोणी दार उघडले की नाही, हे त्या वहीत नसते. म्हणून सिन दिसले याचा अर्थ ते कार्डापर्यंत पोचले एवढाच होतो. पुढे फायरवॉलने ते गिळले असू शकते, कर्नलने मार्गाच्या संशयावरून टाकून दिले असू शकते, किंवा सेवा स्वीकारण्यात इतकी मागे पडली असू शकते की तिची रांग भरून नव्या मागण्या गळू लागल्या. उलट उत्तराची ओळ दिसली, तर ते उत्तर फायरवॉलचे बाहेरचे नियम ओलांडून गेले आहे, हे खात्रीने म्हणता येते. ही असमानता लक्षात न घेतल्यामुळे ‘पॅकेट दिसते, म्हणजे फायरवॉल मोकळी आहे’ असे चुकीचे विधान वारंवार केले जाते.

आता एक प्रसंग सविस्तर पाहू. एका कार्यालयाच्या सर्व्हरला दोन पुरवठादारांच्या दोन इंटरनेट जोडण्या आहेत. `eth0` चा पत्ता `192.0.2.10` असून बाहेर जाण्याची मुख्य वाट तिथूनच आहे. `eth1` चा पत्ता `198.51.100.10` आहे. पहिल्या पत्त्यावर सेवा मिळते, दुसऱ्यावर मिळत नाही. ग्राहकाने दुसऱ्या पत्त्यावर प्रयत्न केल्यावर, वाचायला सोपे जावे म्हणून ओळींचा शेवट गाळून, असे दिसले:

```
11:20:05.301422 eth1 In  IP 203.0.113.25.51514 > 198.51.100.10.8443: Flags [S]
11:20:05.301498 eth0 Out IP 198.51.100.10.8443 > 203.0.113.25.51514: Flags [S.]
11:20:06.318907 eth1 In  IP 203.0.113.25.51514 > 198.51.100.10.8443: Flags [S]
11:20:06.318951 eth0 Out IP 198.51.100.10.8443 > 203.0.113.25.51514: Flags [S.]
```

`[S]` म्हणजे सिन आणि `[S.]` म्हणजे सिन-अ‍ॅक, कारण इथे टिंब अ‍ॅकची खूण आहे. पहिल्या नजरेत सगळे ठीक वाटते: मागणी आली आणि शंभर मायक्रोसेकंदांच्या आत उत्तर गेले. मात्र सुमारे एका सेकंदाने तेच सिन पुन्हा आले आहे. ग्राहकाचा पोर्ट ५१५१४ हाच आहे आणि गाळलेल्या भागातला क्रमांकही तोच आहे, म्हणजे हा नवा प्रयत्न नसून आधीच्याच मागणीची पुनरावृत्ती आहे. पुनरावृत्ती होते याचा अर्थ ग्राहकाला उत्तर मिळालेले नाही. तिसरे पॅकेट, एकटे `[.]`, कुठेच नाही, हा त्याचाच दुसरा पुरावा. ग्राहक आणि सर्व्हर दोघेही आपापले पॅकेट वाढत्या अंतराने पुन्हा पाठवत राहतात आणि शेवटी ग्राहकाच्या पडद्यावर वेळ संपल्याचा संदेश येतो.

कारण ओळींच्या सुरुवातीलाच लिहिलेले आहे. मागणी `eth1` वरून आत आली, उत्तर `eth0` वरून बाहेर पडले. कर्नल उत्तर पाठवताना मागणी कोणत्या कार्डावरून आली हे पाहत नाही. ते गंतव्य पत्ता पाहते आणि मार्गतक्त्यात विचारते, आणि तो तक्ता सर्व बाहेरच्या पत्त्यांसाठी `eth0` दाखवतो. त्यामुळे दुसऱ्या पुरवठादाराने दिलेला मूळ पत्ता घेऊन पॅकेट पहिल्या पुरवठादाराच्या तारेवर जाते. आपल्या ग्राहकाच्या नावावर नसलेल्या पत्त्यांची पॅकेटे खोट्या पत्त्यांचे हल्ले रोखण्यासाठी अडवावीत, असा पुरवठादारांसाठी जुना आणि योग्य संकेत आहे. तो पाळणारा पुरवठादार हे उत्तर मुकाट्याने टाकून देतो. सर्व्हरच्या दृष्टीने उत्तर गेले, ग्राहकाच्या दृष्टीने सर्व्हर मुका. केवळ `-i eth1` वर पाहिले असते, तर सिन येते आणि उत्तर जात नाही एवढेच दिसले असते, आणि दोष सेवेवर किंवा फायरवॉलवर गेला असता.

याच रचनेत कधीकधी `any` वरसुद्धा उत्तराची ओळ दिसत नाही. लिनक्समध्ये `rp_filter` नावाची तपासणी असते. तिचे मूल्य १ असेल, तर ‘या पत्त्याला उत्तर द्यायचे झाले, तर मी याच कार्डावरून देईन का?’ असा प्रश्न कर्नल विचारते आणि उत्तर नकारार्थी आले की आलेले पॅकेट टाकून देते. मूल्य २ असेल, तर कोणत्याही कार्डावरून परतीची वाट असली तरी ते स्वीकारते. म्हणजे दोष एकच, पण पहिल्या स्थितीत तो ‘उत्तर नाही’ असा दिसतो आणि दुसऱ्या स्थितीत ‘उत्तर भलत्या वाटेने’ असा. पहिल्या स्थितीची खात्री अशी करता येते:

```
nstat -az TcpExtIPReversePathFilter
ip route get 203.0.113.25 from 198.51.100.10
```

पहिल्या आज्ञेतला आकडा ग्राहकाच्या प्रत्येक प्रयत्नागणिक वाढत असेल, तर पॅकेटे या तपासणीतच अडकत आहेत. दुसरी आज्ञा त्या मूळ पत्त्याने निघालेले उत्तर कोणत्या कार्डावरून जाईल हे सांगते. तपासणी बंद करून पाहण्याचा मोह होतो, पण त्यामुळे उत्तर चुकीच्या कार्डावरून जाण्याखेरीज काही साधत नाही.

खरा उपाय वाटेचा आहे. `eth1` च्या पत्त्याने निघणाऱ्या पॅकेटांसाठी वेगळा मार्गतक्ता ठेवायचा. इथे `198.51.100.1` हा दुसऱ्या पुरवठादाराच्या राउटरचा पत्ता आहे:

```
sudo ip route add default via 198.51.100.1 dev eth1 table 100
sudo ip rule add from 198.51.100.10 table 100
```

हे बदल सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर टिकत नाहीत, म्हणून ते वितरणाच्या नेटवर्क-संरचनेतही लिहावे लागतात. त्याआधी `tcpdump` चालू ठेवून ग्राहकाला पुन्हा एकदा प्रयत्न करायला सांगावे. आता `[S]` आणि `[S.]` या दोन्ही ओळींवर `eth1` दिसले पाहिजे, आणि त्यांच्या पाठोपाठ ग्राहकाकडून `[.]` आले पाहिजे. फक्त पहिल्या दोन ओळी पाहून थांबू नये, कारण उत्तर पोचल्याचा पुरावा त्या तिसऱ्या ओळीतच आहे. शेवटी कंट्रोल आणि सी दाबल्यावर जो गोषवारा येतो, त्यात `packets dropped by kernel` समोर शून्य आहे ना, हेही पाहून घ्यावे. तिथे शून्याहून मोठा आकडा असेल, तर काही पॅकेटे टिपायचीच राहिली आहेत, आणि अशा वेळी एखादी ओळ दिसली नाही यावरून ते पॅकेट नव्हतेच, असे म्हणता येत नाही.