जंतूंना औषधाची ‘सवय’ होत नाही

‘अर्धवट गोळ्या घेतल्या की जंतूंना औषधाची सवय होते.’ हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय, वर्तमानपत्रात वाचलंय आणि दरवर्षी उत्तरपत्रिकांत लाल शाईने खोडलंय. माणसाला तिखटाची सवय होते, कारण तोच माणूस रोज थोडं थोडं तिखट खातो. जीवाणूंचं तसं नसतं. औषधाने जे मरतात ते मेलेच असतात, आणि उरतात ते औषध येण्याआधीच वेगळे असतात. प्रतिकार जीवाणूत येतो, रोग्याच्या शरीरात नाही, हे बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे तिथे थांबत नाही.

घोळ होतो तो पुढे. औषध म्युटेशन, म्हणजे जीवाणूच्या डीएनएतला बदल, घडवतं, की आधीच घडलेलं म्युटेशन फक्त उघड करतं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कोट्यवधी जीवाणू प्लेटवर पसरा, प्लेटमध्ये औषध ठेवा, दुसऱ्या दिवशी दहा-बारा वसाहती, म्हणजे एकेका वाचलेल्या जीवाणूपासून वाढलेले ठिपके, दिसतात. त्या वसाहतींकडे कितीही निरखून पाहिलं तरी त्यांचा जन्म औषधाआधीचा की नंतरचा, ते कळत नाही. सरासरी काढूनही कळत नाही, आणि इथेच हुशार विद्यार्थीही पाय घसरून पडतात. उत्तर सरासरीत नसतं, ते आकड्यांच्या विखुरण्यात असतं.

हे 1943 साली साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी दाखवलं. त्यांनी अँटिबायोटिक वापरलंच नव्हतं, हेही एकदा सांगून टाकतो. त्यांचा मारेकरी होता जीवाणूंना मारणारा विषाणू, म्हणजे फेज, आणि जीवाणू ई. कोलाय. पेनिसिलिनवर याच धर्तीचं काम मिलिस्लाव डेमेरेक यांनी 1945 साली स्टॅफिलोकॉकसवर केलं. युक्ती मात्र लुरियांची. ब्लूमिंग्टनच्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्यांचा सहकारी स्लॉट मशीनवर पैसे घालवत बसला होता आणि मग अचानक त्याला मोठं घबाड लागलं. बराच वेळ काहीच नाही आणि एकदम ढीगभर, या प्रकारावरून लुरियांना कल्पना सुचली.

समजा, वीस नळ्यांत प्रत्येकी शंभर जीवाणू घातले. नळ्या वेगवेगळ्या वाढल्या. वीसेक वेळा दुप्पट झाल्यावर प्रत्येकीत सुमारे दहा कोटी जीवाणू झाले. आता प्रत्येक नळी वेगळ्या प्लेटवर, औषधासमोर.

प्रतिकार औषधामुळे येत असेल, तर नळीतला सगळा इतिहास निरर्थक ठरतो. औषध समोर आल्यावर दहा कोटींतल्या प्रत्येकाला वाचण्याची तीच क्षुल्लक संधी. विसाही नळ्यांत जीवाणू तितकेच, म्हणून आकडेही जवळपास सारखे येतील. कुठे नऊ, कुठे तेरा. अशा यादृच्छिक मोजणीत व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांच्या विखुरण्याचं माप, सरासरीएवढाच असतो. त्याला प्वासाँ वितरण म्हणतात.

म्युटेशन आधी, नळीत वाढतानाच होत असेल, तर ते कधी झालं यावर सगळं अवलंबून राहतं. शेवटच्या दुप्पट होण्याच्या वेळी झालं, तर प्लेटवर एकच वसाहत. तेच दहा पिढ्या आधी झालं, तर त्या एका मूळपुरुषाचे 1,024 वंशज प्लेटवर हजर. इतक्या आधी म्युटेशन होणं दुर्मीळ, कारण तेव्हा जीवाणूच थोडे असतात. एक पिढी मागे गेलात की शक्यता निम्मी होते आणि वंशावळ दुप्पट. म्हणून बहुतेक नळ्या रिकाम्या किंवा चिल्लर आकड्यांच्या, आणि एखाद-दुसरी घबाड लागलेली.

आता त्यांच्या एका प्रयोगातल्या वीस नळ्यांचे खरे आकडे पाहा: 1, 0, 3, 0, 0, 5, 0, 5, 0, 6, 107, 0, 0, 0, 1, 0, 0, 64, 0, 35. सरासरी 11 च्या थोडी वर, व्हेरियन्स 700 च्या वर. ‘सवय’ वाल्यांचं म्हणणं खरं असतं, तर सरासरी 11.35 असताना एखादी नळी शून्य निघण्याची शक्यता सुमारे 85,000 मध्ये एक. इथे वीसपैकी अकरा शून्य आहेत. मला हा तक्ता कुठल्याही आलेखापेक्षा प्रिय आहे. वर्गात मी तो फळ्यावर लिहितो आणि दोन मिनिटं गप्प बसतो.

पण कोणी म्हणेल, आकडे विखुरले ते तुमच्या पिपेटमुळे, किंवा प्लेटा नीट पसरल्या नाहीत. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर ज्या भागात आहे तो भाग पाठ्यपुस्तकं गाळतात. एकच मोठं कल्चर वाढवायचं आणि त्यातूनच दहा नमुने घेऊन दहा प्लेटा करायच्या. त्यांच्या अशा एका चाचणीत आकडे आले 14, 15, 13, 21, 15, 14, 26, 16, 20, 13. सरासरी 16.7, व्हेरियन्सही त्याच्याच आसपास. हात तोच, प्लेटा त्याच प्रकारच्या, तरी आकडे शहाण्यासारखे वागले. म्हणजे विखुरणं प्लेटवर जन्मत नाही, ते नळ्यांच्या वेगवेगळ्या इतिहासातून येतं. ही जोड-चाचणी न करता फक्त वीस नळ्यांचा तक्ता दाखवणाऱ्याला मी निम्मेच गुण देतो.

प्रयोग बिघडतो तोही बहुधा एकाच ठिकाणी. सुरुवातीला जीवाणू जास्त घातले, तर त्यांच्यातच प्रतिकारक असतात, ते सगळ्या नळ्यांत सारखे वाटले जातात आणि विखुरणं झाकलं जातं. आकडे एकसारखे आले की विद्यार्थी आनंदाने ‘औषधामुळेच’ असा निष्कर्ष लिहितो. आधी बीज किती घातलं होतंस, ते सांग.

आणखी एक खोड. 107 वसाहती म्हणजे 107 म्युटेशनं नव्हेत. बहुधा एखाद-दोन म्युटेशनं आणि त्यांचा गोतावळा. त्यामुळे सरासरी वसाहतींना एकूण जीवाणूंनी भागून त्याला ‘म्युटेशनचा दर’ म्हणू नका. एका घबाडाने ती सरासरी वाटेल तशी फुगते. पूर्ण नळी प्लेटवर ओतली असेल, तर शून्य निघालेल्या नळ्यांच्या प्रमाणावरून काढलेला दर जास्त विश्वासाचा.

याचा अर्थ औषध म्युटेशनला हातच लावत नाही, असा नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं डीएनएला इजा करतात, आणि जिवंत राहिलेल्या जीवाणूंत दुरुस्तीच्या गडबडीत चुकांचं प्रमाण वाढू शकतं. पण त्या चुका जीनोममध्ये कुठेही होतात, जीवाणूला हव्या त्या जागी नेमक्या नाही. शिवाय लुरिया-डेलब्रुक यांची चाचणी तत्काळ मारणाऱ्या माऱ्याची आहे. उपासमारीत अडकलेल्या पण जिवंत पेशींबद्दल ती काही सांगत नाही, आणि जीवाणू गरजेची म्युटेशनं घडवतात का, हा वाद जॉन केर्न्स यांनी 1988 साली उकरला तो नेमका तिथेच. शेजारच्या जीवाणूकडून प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, आयता आलेला प्रतिकार हाही या तक्त्यात दिसत नाही.

क्षयाच्या रोग्याला एकाच वेळी तीन-चार औषधं देतात, त्यामागे मात्र हाच तक्ता आहे. रिफॅम्पिसिनला न जुमानणारे थोडे जीवाणू पहिल्या गोळीआधीच फुप्फुसात असतात. एकटं रिफॅम्पिसिन दिलं, तर त्यांच्यासाठी रान मोकळं होतं. आयसोनियाझिड सोबत असलं, तर त्यांतले बहुतेक त्याने मरतात, कारण दोन्ही म्युटेशनं एकाच पेशीत आधीपासून असणं फारच विरळ.