न वटलेल्या धनादेशाचे खुलासापत्र

धनादेश न वटता परत आल्यावर तो देणाऱ्याने घेणाऱ्यास लिहिलेले पत्र. त्यात देणे कबूल करून फेडीच्या तारखा दिलेल्या असतात. पुण्याच्या पेठांत ‘चेक रिटर्नचे पत्र’ म्हटले की कोणालाही कळते. कायद्यात अशा पत्राची तरतूद नाही. त्याची गरज मुख्यतः परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या, धनादेश न वटणे गुन्हा ठरवणाऱ्या कलम १३८ मुळे निर्माण झाली. हे कलम १ एप्रिल १९८९ पासून लागू आहे.

परताव्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत घेणाऱ्याने लेखी मागणी करायची असते. २००२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत १५ दिवस होती. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे न दिल्यास फौजदारी तक्रारीचा मार्ग खुला होतो. हप्त्यांची बोलणी चालू असली तरी ३० दिवस थांबत नाहीत. म्हणूनच हिशेबी व्यापारी तोंडी आश्वासनावर नोटीस थांबवत नाहीत, आणि पहिला भरीव हप्ता या मुदतीच्या आत यावा लागतो.

समजा, लक्ष्मी रस्त्यावरील दुकानदाराने ठोक व्यापाऱ्यास दिलेला ५ जूनचा १,२०,००० रुपयांचा धनादेश परत गेला आणि व्यापाऱ्यास १० जूनला बँकेचा परताव्याचा मेमो मिळाला. नोटिशीची मुदत १० जुलैला संपते. पत्रातील मजकूर असा असावा: ‘आपणास दिलेला धनादेश माझ्या खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने परत गेला. जबाबदारी माझी आहे. रु. ६०,००० दि. २० जून, रु. ४०,००० दि. ५ जुलै आणि रु. २०,००० दि. ५ ऑगस्ट रोजी एनईएफटीने आपल्या खात्यात भरीन. परताव्याचा बँक आकार वेगळा देईन.’ मेमोवर शिल्लक अपुरी असा शेरा असताना ‘बँकेची चूक’ लिहिणे अंगाशी येते.

तिसरा हप्ता १० जुलैनंतरचा आहे. धनादेशाची मुदत तीन महिन्यांची असल्याने व्यापारी तो ऑगस्टमध्ये पुन्हा भरू शकतो. एकदा नोटीस दिल्यावर तोच धनादेश पुन्हा भरून नवी नोटीस देता येते का, हा बराच काळ वादाचा विषय होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निकालाने नकार दिला, २०१२ च्या निकालाने तो फिरवला; आज दुसरे मत ग्राह्य आहे.

येथे बहुतेकांचा घोळ होतो तो अंशतः फेडीचा. एक लाख मिळाल्यावर तोच धनादेश पूर्ण रकमेसाठी भरला आणि तो परत गेला, तर २०२२ च्या निकालानुसार कलम १३८ चा गुन्हा ठरत नाही. मिळालेल्या रकमेची नोंद कलम ५६ प्रमाणे धनादेशावर करून बाकीपुरताच तो भरावा लागतो. देणाऱ्यानेही प्रत्येक हप्त्याचा यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक कळवून ही नोंद मागावी.

हे पत्र कबुली आहे. मुदत अधिनियमाच्या कलम १८ नुसार, वसुलीची मुदत संपण्यापूर्वी ते सही करून दिले असल्यास नवी मुदत सुरू होते. म्हणून मालाच्या दर्जाबद्दल किंवा रकमेबद्दल तक्रार असेल, तर असे पत्र देऊ नये. हप्त्यांसाठी नवे धनादेश दिल्यास प्रत्येकाला कलम १३८ स्वतंत्रपणे लागू शकते. शेवटचा हप्ता दिल्यावर मूळ धनादेश, मेमो आणि ‘बाकी नाही’ असा लेखी शेरा परत घ्यावा.