नवरीची नथ, मुंडावळ्या आणि हिरवा चुडा : कुठला दागिना कुठं आणि का

"भांगात मुंडावळ्या, उजव्या नाकात साखळीची नथ, दंडात हिरवा चुडा." कोल्हापूरच्या नवरीचं असं वर्णन हल्ली सर्रास वाचायला मिळतं. दागिने तिन्ही आपलेच, पण जागा तिन्हींच्या चुकल्यात. हिंदी सिरियलमधली नवरी बघून बघून मांगटिका, तिकडची केसाला साखळी लावलेली नथ आणि कोपरापर्यंतचा पंजाबी चुडा हे सगळं डोक्यात मिसळून जातंय, आणि लिहिताना तेच उतरतंय.

नथीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे. गळा, कान, हात यांचे दागिने फार जुने, त्यामानाने नाकातला दागिना बराच नंतरचा. अजिंठ्याच्या चित्रांतल्या बायका बघा, अंगभर मोती आहेत पण नाक मोकळं. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी यावर जुने ग्रंथ धुंडाळून लिहिलं, की प्राचीन संस्कृत साहित्यात नाकातला दागिना सापडत नाही, तो साधारण इ.स. १००० च्या पुढं दिसायला लागतो. पुढं पेशवाईत मोत्यांची हौस वाढली आणि आजची मराठी नथ रुळली, म्हणजे सोन्याच्या तारेत ओवलेले मोती आणि मध्ये लाल किंवा हिरवा खडा. ही तार डाव्या नाकपुडीच्या भोकातून जाते, मोत्यांचा घोस बाहेरच्या बाजूला राहून ओठाकडं झुकतो. केसापर्यंत साखळी नसते. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ घालतात, पण तीही डावीकडंच.

मग "उजवी" येते कुठून? समोर उभं राहिलं की नवरीचं डावं नाक आपल्या उजव्या हाताला येतं आणि लिहिणारा आपल्या बाजूनं लिहून मोकळा होतो. शरीराची बाजू नेहमी घालणारीची धरायची. दुसरं कारण म्हणजे सेल्फी, मोबाईल कधीकधी फोटो आरशासारखा उलटा सेव्ह करतो. ओळखायचं कसं, तर नऊवारीचा पदर बघा. तो डाव्या खांद्यावर असतो, त्यामुळं फोटोत नथ आणि पदर दोन्ही नवरीच्या उजव्या अंगाला गेलेले दिसले तर फोटोच उलटा आहे. पदर गुजराती पद्धतीचा असेल तर हे चालणार नाही, मग मागच्या स्टेजवरची नावाची अक्षरं उलटी आहेत का ते बघायचं.

मुंडावळ्यांचं प्रकरण वेगळं. त्या कपाळावर आडव्या बांधतात, गाठ डोक्याच्या मागं, आणि दोन्ही कानशिलांवरून सर गालाशेजारून खाली लोंबतात. भांगाशी त्यांचा संबंध नाही. कुंकू किंवा चंद्रकोर त्यांच्या खाली, भुवयांच्या मध्ये. मुळात हा बायकांचा दागिनाच नव्हे, ती संस्काराची खूण आहे, म्हणून नवऱ्यालाही बांधतात आणि मुंजीत बटूलाही. पूर्वी फुलांच्या असायच्या, अजूनही बांधतात, मोत्यांच्या टिकतात म्हणून त्या जास्त चालल्या. विधी आटोपला की सोडायच्या, त्यामुळं वर्षभरानंतरच्या हळदीकुंकवाच्या वर्णनात सुनेच्या कपाळावर मुंडावळ्या लिहिल्या की वाचणारी आजी तिथंच अडखळते. आणि आपल्या खेड्यांत नवऱ्याच्या कपाळावर जे मोठं, उभं, चमकी लावलेलं बांधतात ते बाशिंग. त्याला मुंडावळ्या म्हणू नका, कारण बऱ्याचदा दोन्ही एकाच लग्नात असतात.

हिरव्या चुड्याची काच मात्र आपल्या कोल्हापूरच्या मातीतच सापडलीय. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, त्यात बहमनी काळाच्या थरात काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. म्हणजे इथल्या बायका काही शतकांपासून काच घालतायत. ती घालायची जागा मनगट. दंडात वाकी नाहीतर बाजूबंद असतो, तिथं काचेची बांगडी चढतच नाही. कासार हाताचा पंजा दाबून, बोटं जुळवून एकेक बांगडी सरकवतो, म्हणून आपण बांगड्या "भरल्या" म्हणतो. माप "दोन-चार", "दोन-सहा" असं सांगतात, दोन-चार म्हणजे आतला व्यास २ इंच आणि वर इंचाचे १६ पैकी ४ भाग, सरळ सव्वादोन इंच. मापात चूक झाली तर बांगडी एकतर पंज्यातच फुटते किंवा सैल होऊन हात खाली सोडला की निसटायला बघते.

चुडा हळदीच्या आधी भरतात आणि घरातल्या बाकीच्या बायकाही त्याच बैठकीत भरून घेतात. सोन्याच्या पाटल्या असतील तर त्या याच मनगटात चुड्याच्या जोडीला येतात, त्यासाठी हिरव्या बांगड्या काढून ठेवत नाहीत. दोन्ही हातांत संख्या सारखी धरू नका, बऱ्याच घरांत एका हातात एक बांगडी जास्त भरतात. कुठल्या हातात आणि एकूण किती हे घरागणिक बदलतंय, तेव्हा वर्णनात आकडा लिहायचा असेल तर फोटोवरून मोजत बसण्यापेक्षा नवरीच्या आईला किंवा भरणाऱ्या कासाराला विचारून घ्या.