नाइट मोडच्या मागचा प्रयोग

लॅपटॉपची स्क्रीन संध्याकाळी आपोआप पिवळसर करणारा पहिला लोकप्रिय प्रोग्राम 2009 साली आला, तोही मोफत. मोठ्या कंपन्यांनी ही सोय स्वतःच्या यंत्रणेत घातली ती 2016-17 मध्ये, आधी फोनवर आणि मग लॅपटॉपवर. मधल्या काळात एक प्रयोग गाजला आणि नाइट मोडची सगळी भिस्त त्याच्यावर बसली.

झोपेची वेळ कळवणारं मेलाटोनिन निळ्या उजेडाने सर्वांत जास्त दबतं, हे 2001 पासून माहीत होतं. 2014 च्या प्रयोगात 12 जणांनी अंधुक खोलीत, झोपण्याआधी चार तास, ओळीने पाच रात्री टॅबलेटवर वाचन केलं, तेही ब्राइटनेस पूर्ण ठेवून. तुलनेला छापील पुस्तक होतं. टॅबलेटवाल्या रात्री मेलाटोनिन निम्म्याहून जास्त दबलं. झोप मात्र उशिरा लागली ती सरासरी 10 मिनिटांनी. बातम्यांनी पहिला निष्कर्ष उचलला, ही 10 मिनिटं मागेच राहिली.

असं कोण वाचतं, हा खरा प्रश्न होता. 2016 मध्ये दुसऱ्या गटाने 14 तरुणांना आधी साडेसहा तास प्रखर उजेडात बसवलं आणि मग दोन तास टॅबलेट दिला. पुस्तकाच्या तुलनेत ना मेलाटोनिनमध्ये फरक दिसला, ना झोपेत. म्हणजे दिवस उजेडात गेला असेल तर रात्रीच्या स्क्रीनचा जोर कमी पडतो. मला हा निकाल जास्त मोलाचा वाटतो, पण त्यातून विकण्यासारखं काही निघत नव्हतं.

खुद्द नाइट मोडची परीक्षा 2018 मध्ये झाली. रंगाची सेटिंग कमी पिवळी ठेवा की जास्त, मेलाटोनिन जवळपास सारखंच दबलं. नाइट मोड फक्त रंगांचं प्रमाण बदलतो, मागचा दिवा तेवढाच तेवत राहतो. (स्क्रीनशॉट काढून बघा, त्यात पिवळेपणा उतरत नाही.) त्यामुळे स्क्रीन पिवळी झाली तरी ब्राइटनेस पूर्ण असेल, तर डोळ्यात भरपूर उजेड जातोच. संशोधकांनीही ब्राइटनेस कमी करायलाच सांगितलं.

डोळे खराब होण्याची भीती हा वेगळा धागा, आणि तो चष्म्यांच्या जाहिरातींतून आला. स्क्रीनचा निळा उजेड बाहेरच्या दिवसाच्या उजेडापुढे नगण्य असतो. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या एका चष्मेवाल्या साखळीला अशाच जाहिरातीबद्दल 40,000 पौंड दंड झाला. 2023 मध्ये 17 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अशा चष्म्यांनी थोड्या काळात तरी डोळ्यांचा ताण कमी झालेला दिसला नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि नजर तासन्‌तास एकाच अंतरावर खिळते. डोळे चुरचुरतात ते त्यामुळे, आणि हे स्क्रीन पिवळी असली तरी तसंच चालू राहतं.