संदर्भावरून शब्दाचा अर्थ किती कळतो?

“वाक्य नीट वाचलं की अनोळखी शब्दाचा अर्थ आपोआप कळतो, शब्दकोश लागतच नाही.”

वाक्यातून बहुतेकदा अर्थाची दिशा कळते, नेमका अर्थ नाही. ‘गोंधळामुळे सभा तहकूब झाली’ एवढंच वाचलं, तर ‘तहकूब’ म्हणजे ‘रद्द’ वाटणं साहजिक आहे. वाक्य कुठे अडत नाही, आणि असाच न अडलेला अंदाज मला सर्वांत फसवा वाटतो. आता पुढची ओळ वाचा: ‘उरलेल्या विषयांवर सोमवारी चर्चा होईल.’ इथे ‘रद्द’ अडखळतं. म्हणजे सभा मध्येच थांबवून पुढे ढकलली. म्हणून आपला अंदाज शब्दाच्या जागी ठेवून पुढची दोन-तीन वाक्यं वाचून बघा. बातमी तिथेच संपत असेल, तर शब्दाखाली रेघ मारा आणि नंतर शब्दकोशात पाहा.